चाक केवढं हवं, ते कान ठरवतो

मे १९७३ मध्ये पीट कॉनरॅड, जोसेफ कर्विन आणि पॉल वाइट्झ हे तीन अमेरिकी अंतराळवीर ‘स्कायलॅब’मध्ये राहायला गेले. तोवरच्या यानांमध्ये हातपाय पसरायलाही जागा नसायची. स्कायलॅब मात्र एका मोठ्या रॉकेटच्या रिकाम्या टाकीपासून बनवलेलं होतं आणि आतून एखाद्या दालनाएवढं ऐसपैस होतं. त्याच्या गोल भिंतीला लागून सामानाच्या कपाटांची एक कडी फिरलेली होती. या तिघांनी त्या कडीवर पळायला सुरुवात केली. त्या पळण्याचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. आधी भिंतीला हातांनी रेटत, चाचपडत ते वेग घेतात, मग पाय टेकतात, आणि एकदा वेग आला की सरळ भिंतीवरून गोल गोल पळत राहतात. जिथे कुणालाच वजन नव्हतं, तिथे पळणाऱ्याला पायांखाली जमीन मिळाली होती.

जत्रेतला ‘मौत का कुआँ’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मोटरसायकलवाला उभ्या लाकडी भिंतीवरून गरागरा फिरतो तेव्हा ती भिंतच त्याचा रस्ता झालेली असते. त्याची गाडी दर क्षणाला सरळ जाऊ पाहते, भिंत तिला आत वळवते, आणि वळवताना जो रेटा देते त्यानेच चाकं भिंतीला धरून राहतात. खाली ओढणारं पृथ्वीचं गुरुत्व त्याला घसरवू पाहतं, म्हणून वेग कमी झाला की धोका. स्कायलॅबमध्ये हा दुसरा ओढा जाणवतच नव्हता. उरला तो फक्त भिंतीचा रेटा.

हा रेटा म्हणजेच आपण ज्याला वजन म्हणतो ते. पृथ्वी आपल्याला ओढते हे खरं, पण तो ओढा आपल्याला कधीच जाणवत नाही. जाणवतो तो तळपायांना वर रेटणाऱ्या जमिनीचा दाब, आणि मग तो घोट्यांतून, गुडघ्यांतून, मणक्यांतून चढत जातो. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात पृथ्वीचा ओढा जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतो. तरी तिथली माणसं तरंगतात, कारण ती आणि त्यांचं स्थानक दोन्ही एकत्रच पृथ्वीभोवती पडत असतात आणि जमीन पायांना रेटत नाही. ओढा आहे, रेटा नाही. हाडांना आणि स्नायूंना हवा असतो तो रेटा. तो न मिळाल्याने अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण एक ते दीड टक्का झिजतं आणि ते थोपवण्यासाठी त्यांना रोज दोनेक तास व्यायाम करावा लागतो.

मग सगळं स्थानकच गोल फिरवलं तर? पळायची गरज नाही. माणूस नुसता उभा राहील आणि त्याला आत वळवत राहण्याचं काम बाहेरच्या कडेची फरशी करील. ‘खाली’ म्हणजे मधल्या तुंब्यापासून दूर, ‘वर’ म्हणजे तुंब्याकडे. यात गुरुत्वाकर्षण कुठेही निर्माण होत नाही, पण फरशीचा रेटा अगदी खरा असतो.

तो किती, हे दोनच गोष्टींवर ठरतं: फरशी मध्यापासून किती लांब आहे आणि चाक मिनिटाला किती फेरे घेतं. हिशोब सोपा आहे. मीटरमधल्या त्रिज्येला फेऱ्यांच्या संख्येने दोनदा गुणायचं आणि ८९५ ने भागायचं. उत्तर एक आलं तर पृथ्वीवरचं पूर्ण वजन, अर्धं आलं तर निम्मं. ८९५ हा आकडा आला आहे तो पृथ्वीवरच्या पडण्याच्या वेगवाढीतून आणि मिनिटांचे सेकंद करण्यातून. याचा सरळ अर्थ असा, की मिनिटाला एकच फेरा घेणाऱ्या चाकात पूर्ण वजन हवं असेल तर त्रिज्या ८९५ मीटर लागते. या हिशोबात महत्त्वाचं आहे ते ‘दोनदा’. त्रिज्या दुप्पट केली तर वजन दुप्पट होतं, पण फेरे दुप्पट केले तर वजन चौपट होतं. म्हणून मिनिटाला दोन फेरे घेतले की २२४ मीटर पुरतात, चार घेतले की ५६, सहा घेतले की जेमतेम २५. स्कायलॅबच्या पळणाऱ्यांसाठी मध्यापासूनचं अंतर तीन मीटर धरलं आणि एक फेरी सहा सेकंदांत, म्हणजे मिनिटाला दहा, असं धरलं तर तळपायांशी एक तृतीयांश वजन येतं. पाय रोवायला तेवढं भरपूर आहे.

कॉनरॅडसाठी हा अनुभव पूर्ण नवा नव्हता. सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी-११ मोहिमेत तो आणि रिचर्ड गॉर्डन यांनी आपलं यान आणि अजेना नावाचं रिकामं रॉकेट एका दोराने बांधून दोघांना एकमेकांभोवती फिरवलं होतं. दोर तीस मीटरचा. तो बांधायला गॉर्डन यानाबाहेर गेला आणि वजनरहित अवस्थेत धड बैठक मिळेना म्हणून इतका दमला, की त्याला लवकर आत घ्यावं लागलं. पुढे दोर ताणून ठेवणंही सोपं गेलं नाही. मुली दोरीवरच्या उड्या मारताना दोरीला जसा बाक येतो तसा त्याला बाक येत राहिला. शेवटी जोडी फिरू लागली: आधी मिनिटाला ३८ अंशांनी, मग ५५ अंशांनी.

पूर्ण फेरा ३६० अंशांचा, म्हणजे ५५ अंश हा मिनिटाला साधारण ०.१५ फेरा झाला. मध्यापासूनचं अंतर पंधरा मीटर धरू. पंधराला ०.१५ ने दोनदा गुणून ८९५ ने भागलं, की पूर्ण वजनाचा सुमारे अडीच हजारावा भाग हाती येतो. साठ किलोच्या माणसाचं वजन तिथे जेमतेम पंचवीस ग्रॅम भरलं असतं. दोघांना शरीराने काहीच जाणवलं नाही. पण त्यांनी कॅमेरा समोरच्या उपकरणांच्या फळीला टेकवून सोडला, तर तो सावकाश सरळ रेषेत यानाच्या मागच्या बाजूला गेला. अंतराळयान फिरवून तयार केलेलं वजन माणसांनी पाहिलं ते बहुधा तेव्हाच पहिल्यांदा.

कागदावरची फिरती स्थानकं याहून बरीच जुनी आहेत. त्यांतल्या तीन आराखड्यांचे आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. हर्मन पोटोचनिक या अभियंत्याने हर्मन नोर्डुंग या टोपणनावाने लिहिलेलं पुस्तक १९२९ च्या सुमारास बर्लिनमध्ये निघालं. त्यातलं राहण्याचं चाक तीस मीटर व्यासाचं होतं आणि आठ सेकंदांत एक फेरा घेणारं, म्हणजे मिनिटाला साडेसात फेरे. आपला हिशोब लावला तर ०.९४ येतं, जवळजवळ पूर्ण वजन. १९५२ मध्ये वेर्नर फॉन ब्राउनने ‘कोलियर्स’ या अमेरिकी साप्ताहिकात मांडलेलं चाक ७६ मीटर व्यासाचं होतं. फेरे तीन, आणि वजन तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं वर. १९७५ मध्ये नासाच्या एम्स केंद्रात झालेल्या उन्हाळी अभ्यासगटाने दहा हजार माणसांच्या वस्तीसाठी ‘स्टॅनफर्ड टोरस’ आखला. त्याचा व्यास जवळपास १८०० मीटर, फेरा मिनिटाला एक, वजन पूर्ण. सेहेचाळीस वर्षांत फेरे साडेसातावरून एकावर आले आणि चाक साठ पटींनी फुगलं. अभियंत्यांना मोठी चाकं आवडू लागली म्हणून हे घडलं नाही. मधल्या काळात माणसांना खरोखर फिरवून पाहिलं गेलं होतं.

हे काम मुख्यतः अॅश्टन ग्रेबील या डॉक्टरांनी केलं. फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथल्या नौदलाच्या वैद्यकीय संस्थेत १९५८ पासून त्यांच्याकडे एक सावकाश फिरणारी खोली होती: पंधरा-वीस फूट रुंद, बिनखिडक्यांची, आत राहण्या-जेवण्याची सोय असलेली. माणसं तिच्यात दिवसच्या दिवस राहायची. मिनिटाला एक फेरा असताना, ज्यांना गाडी लागते अशा लोकांनाही फारसं काही झालं नाही. तीन फेऱ्यांना त्रास सुरू झाला, पण कामं अडली नाहीत. सुमारे साडेपाच फेऱ्यांना मुळात काटक असलेलेच तग धरू शकले आणि तेही दुसऱ्या दिवसापर्यंत सावरले. दहा फेऱ्यांना मात्र, ज्यांना विमानात कधी मळमळलं नव्हतं असे वैमानिकही बारा दिवसांत पूर्ण रुळले नाहीत.

याचं मूळ कानाच्या आत आहे. तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असतात आणि प्रत्येक जण आपापल्या प्रतलातलं डोक्याचं वळणं मेंदूला कळवते. खोली एकसारखी फिरत असली की थोड्या वेळाने द्रव स्थिरावतो, नलिका गप्प होतात, आणि माणसाला आपण फिरतोय हे कळतही नाही. तो स्वस्थ बसून राहिला तर काही बिघडत नाही. पण त्याने मान खांद्याकडे कलती केली, की जी नलिका फिरण्याच्या प्रतलात होती ती त्यातून बाहेर पडते आणि दुसरी आत शिरते. पहिलीला वाटतं फिरणं थांबलं, दुसरीला वाटतं सुरू झालं. मेंदूला कळतं ते असं, की आपण पुढे किंवा मागे कोलमडतोय. डोळे सांगतात, खोली जागच्या जागी आहे. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि पोट ढवळून येतं.

या त्रासात त्रिज्येचा काहीच संबंध नाही. तो किती होईल हे फेऱ्यांवर आणि मान किती झटक्याने हलवली यावर ठरतं. माणूस मध्यापासून दोन मीटरवर असो की दोनशे, कानाला ते कळत नाही. म्हणूनच फेऱ्यांची मर्यादा आधी ठरते, आणि ती एकदा ठरली की त्रिज्या आपोआप बाहेर पडते. आराखडा काढणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही.

अर्थात पेन्साकोलाची खोली उभ्या आसाभोवती फिरत होती. अंतराळातल्या चाकात उभा माणूस त्या आसाशी काटकोनात असतो, त्यामुळे तिथे कोणती हालचाल त्रासाची हे बदलतं. चाक ज्या दिशेला फिरतंय तिकडे तोंड करून बसलेल्याने होकारार्थी मान हलवली तर ती हालचाल चाकाच्याच प्रतलात होते आणि काही जाणवत नाही. त्यानेच नकारार्थी मान हलवली तर भोवंडतं. म्हणून कामाच्या जागा अशा लावायच्या, की तोंड फिरण्याच्या दिशेला किंवा तिच्या उलट राहील आणि हाताखालची उपकरणं वर-खाली असतील, डावी-उजवीकडे नाहीत. शिवाय माणूस शिकतोही. बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात जेम्स लॅकनर आणि पॉल डिझियो यांनी दाखवलं, की फेरे टप्प्याटप्प्याने वाढवले आणि प्रत्येक टप्प्यावर ठरवून मान हलवायला लावली तर लोक दहा फेऱ्यांपर्यंतही पोचतात. प्रशिक्षित चार-सहा अंतराळवीरांसाठी चार किंवा सहा फेरे धरता येतील. कुणीही येऊन राहावं अशा वस्तीसाठी एक किंवा दोनच.

आता दोन स्थानकं प्रत्यक्ष चालून पाहू. दोन्हींत फरशीवर पूर्ण वजन आहे. मोठ्याची त्रिज्या २२४ मीटर आणि फेरे दोन. लहानाची २५ मीटर आणि फेरे सहा. वजनकाट्यावर दोन्हींकडे साठ किलोचा माणूस साठ किलोच भरेल. फरक दिसतो तो हालचाल सुरू झाल्यावर.

मोठ्या चाकाची फरशी सेकंदाला ४७ मीटर वेगाने धावत असते, म्हणजे ताशी जवळपास १७० किलोमीटर. तिच्यावरून फिरण्याच्या दिशेने सेकंदाला तीन मीटर, म्हणजे हलक्या धावेच्या वेगाने पळालं तर तो वेग चाकाच्या वेगात मिळतो आणि साठ किलोचे अडुसष्ट होतात. उलट्या दिशेने पळालं तर साडेबावन्न. एकीकडे सतत चढण लागल्यासारखी, दुसरीकडे उतार. हे सवयीचं होऊ शकतं. लहान चाकाच्या फरशीचा वेग मात्र सेकंदाला पंधरा-सोळा मीटरच आहे. तिथे त्याच चालीने पुढे धावणारा पंच्याऐंशी किलोंचा होतो आणि मागे फिरला की एकोणचाळीसचा. नुसतं पाठ वळवून पळालं तर निम्म्याहून अधिक वजन उतरतं. त्याहून लहान, नऊ मीटर त्रिज्येचं आणि मिनिटाला दहा फेऱ्यांचं चाक घेतलं तर त्याच्या फरशीचा वेग चांगल्या धावपटूच्या वेगाइतकाच भरतो. तो उलट्या दिशेने पुरता वेग घेऊ लागला तर त्याच्या पायांखालची पकडच सुटत जाईल. मात्र चाकाच्या आसाला समांतर, म्हणजे एका आऱ्याकडून दुसऱ्याकडे न जाता आडवं चाललं, तर वजन बदलत नाही. व्यायामाचा पळण्याचा पट्टा आणि झोपायच्या खाटा त्याच दिशेने मांडाव्यात हे उघड आहे.

हातातलं पेन सोडून दिलं तर ते पायाशी सरळ पडत नाही. ते सुटतं तेव्हा त्याच्यावर कुठलाच ओढा नसतो. हाताच्या उंचीवर त्याला जो वेग होता त्या वेगाने ते सरळ रेषेत निघतं. हात मध्याच्या जवळ, म्हणून हाताचा वेग फरशीपेक्षा कमी, आणि ते फरशीला गाठेपर्यंत फरशी पुढे निघून गेलेली असते. दीड मीटर उंचीवरून सोडलेलं पेन मोठ्या चाकात सुमारे बारा सेंटिमीटर मागे पडतं, लहान चाकात सदतीस. टोरसमध्येसुद्धा सहा सेंटिमीटर. मला या हिशोबातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की उत्तरात फेऱ्यांची संख्या येतच नाही. चाक सावकाश फिरवलं तर पेन पडायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात चाक तितकंच वळतं. दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत फेडतात. म्हणजे बिनखिडक्यांच्या चाकात कोंडलेल्या माणसाला एक पेन आणि मोजपट्टी दिली तर ते किती मागे पडलं यावरून तो चाकाची त्रिज्या काढील आणि वजनकाट्यावरून मग फेरेही.

आऱ्यातून शिडीने तुंब्याकडे चढणाऱ्याचं वजन अंतराच्या प्रमाणात उतरत जातं: निम्म्या वाटेवर निम्मं, मध्याशी शून्य. चढताना शिडी त्याला बाजूला ढकलते, कारण खालून आणलेला जास्तीचा वेग त्याला टाकून द्यावा लागतो. मोठ्या चाकात सावकाश चढताना ही ढकल वजनाच्या दोन टक्क्यांइतकी, म्हणजे नावापुरती. लहान चाकात सेकंदाला दोन मीटर चढणारी लिफ्ट असेल तर ती वजनाच्या पावपट होते आणि माणूस लिफ्टच्या एका भिंतीला टेकतो. त्या भिंतीवर धरायला कठडा हवा.

चाकाला स्वतःचेही नखरे असतात. फिरणारी वस्तू आपल्या वस्तुमानाच्या मध्याभोवती फिरते, आराखड्यावरच्या मध्याभोवती नव्हे. सगळी मंडळी जेवायला एकाच बाजूच्या दालनात जमली, की मध्य तिकडे सरकतो, तुंबा डुगडुगू लागतो आणि तिथे यान जोडायला आलेल्या वैमानिकाची पंचाईत होते. उपाय म्हणजे कडेने टाक्या ठेवून पाणी एकीकडून दुसरीकडे पंपाने सोडत राहायचं. याहून खोल धडा अमेरिकेच्या पहिल्याच उपग्रहाने शिकवला. १९५८ च्या सुरुवातीला सोडलेला एक्सप्लोरर-१ पेन्सिलीसारखा लांबट होता आणि तो लांबीच्या आसाभोवती फिरत राहील अशी योजना होती. काही वेळातच तो आडवा होऊन काठी भिरकावल्यासारखा फिरू लागला. त्याच्या लवचिक अँटेना हलत होत्या आणि प्रत्येक हिंदकळ्यात थोडी ऊर्जा उष्णतेत जात होती. ऊर्जा अशी गळू लागली की कुठलीही वस्तू शेवटी ज्या आसाभोवती तिचं वस्तुमान सगळ्यात लांबवर पसरलेलं असेल त्याच आसाभोवती फिरू लागते. चाकाचा नेमका तोच आस असतो, म्हणून चाक टिकतं. लांब नळकांडं लांबीच्या आसाभोवती फिरवलं तर टिकत नाही. आणि पाणी, हवा, माणसं असलेल्या स्थानकात काहीतरी हिंदकळत असणारच.

मग असं चाक अजून का नाही? दोन फेऱ्यांच्या चाकाचा व्यास साडेचारशे मीटर भरतो, आणि आजचं आंतरराष्ट्रीय स्थानक टोकापासून टोकापर्यंत १०९ मीटरच आहे. पण पूर्ण चाक बांधायलाच हवं असं नाही. जेमिनी-११ ची युक्ती मोठ्या मापावर वापरता येते: एका टोकाला माणसांचं दालन, दुसऱ्या टोकाला प्रतिवजन, मध्ये लांब दोर. मंगळमोहिमांच्या आराखड्यांत रॉबर्ट झुब्रिन यांनी वापरून झालेलं रॉकेटच प्रतिवजन म्हणून सुचवलं होतं. मला हीच वाट सगळ्यात जवळची वाटते. दालनाला सेकंदाला ४७ मीटर वेग द्यायला लागणारं इंधन मंगळाच्या एकूण प्रवासापुढे किरकोळ आहे. प्रतिवजन दालनाच्या निम्म्या वजनाचं असेल तर ते दुप्पट लांब जातं: दालन मध्यापासून २२४ मीटर, रॉकेट ४४८, एकूण दोर ६७२ मीटर. अडचणी दोराच्याच आहेत. तो सैल पडता कामा नये, आणि तुटला तर दोन्ही टोकं त्या क्षणीच्या वेगाने सरळ निघून जातील. वाटेत दिशा दुरुस्त करायची तर फिरत्या जोडीला ढकलणं किचकट, आणि थांबवून पुन्हा फिरवायचं तर तेवढं इंधन पुन्हा खर्च.

या सगळ्या हिशोबात पूर्ण वजन धरलं आहे, आणि तेवढं खरंच लागतं का हा सगळ्यात महागडा प्रश्न आहे. मंगळावर ०.३८ वजन असतं. तेवढं पुरत असेल तर दोन फेऱ्यांना ८५ मीटर त्रिज्या चालते, चार फेऱ्यांना २१. चंद्राइतकं, म्हणजे सहावा हिस्सा पुरत असेल तर चार फेऱ्यांना नऊ मीटरच. पण शून्य आणि एक यांच्या मध्ये माणूस राहिला आहे तो फक्त चंद्रावर, आणि तिथला सर्वांत लांब मुक्कामही अपोलो-१७ चा, अवघा तीन दिवसांचा. हाडं तेवढ्यात काही सांगत नाहीत. हाच प्रश्न सोडवायला आंतरराष्ट्रीय स्थानकासाठी अडीच मीटरचं फिरतं यंत्र असलेलं एक दालन जपानमध्ये बांधायला घेतलं होतं. २००५ मध्ये ते रद्द झालं. माझ्या मते त्या स्थानकाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी चुकलेली संधी.

तरी जपानी शास्त्रज्ञांनी छोट्या मापावर काम चालू ठेवलं. स्थानकावरच्या त्यांच्या किबो दालनात पंधरा सेंटिमीटर त्रिज्येचा उंदरांचा पिंजरा मिनिटाला ७७ फेरे घेतो. हिशोब करून पाहा, पूर्ण वजनच येतं. २०१६ मध्ये सहा उंदीर त्यात फिरत राहिले आणि सहा शेजारी तरंगत. पस्तीस दिवसांनी तरंगणाऱ्यांची हाडं आणि स्नायू झिजले होते, फिरणाऱ्यांचे टिकले होते. पुढे तोच पिंजरा सावकाश फिरवून उंदरांना चंद्राइतकं वजन दिलं. पोटरीच्या स्नायूचा आकार तेवढ्यावर टिकला, पण त्याच्या तंतूंचा प्रकार मात्र वजनरहित अवस्थेतल्यासारखाच बदलत गेला. म्हणजे उंदरांपुरतं तरी सहावा हिस्सा कमी पडतो, आणि नऊ मीटरच्या चाकावर विसंबता येत नाही. मंगळाच्या ०.३८ ला तो बदल थांबतो का, हे कळलं की चार फेऱ्यांच्या चाकाला २१ मीटर पुरतील की ५६ लागतील ते ठरवता येईल.